मराठी-कन्नड घरातल्या मांजराचं नाव: हुकूम आणि घरच्यांच्या हाका यांत मिसळणार नाही असं नाव कसं निवडावं

मनी हे मराठी घरातलं मांजराचं सगळ्यांत जुनं आणि सोपं नाव. पण बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, गोकाक या पट्ट्यात, ज्या घरात मराठीबरोबर कन्नडही बोललं जातं, तिथे हे नाव ठेवण्याआधी थोडं थांबावं. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत घराला ‘मनी’ म्हणतात. ‘मनीग होगु’, म्हणजे घरी जा, अशी वाक्यं अशा घरात दिवसभर चालू असतात. मांजराच्या कानावर तिचं नाव सतत पडतं, पण त्यानंतर वाटी पुढे येत नाही, कुणी तिच्याकडे बघत नाही. काही दिवसांनी ती त्या आवाजाला कानही हलवत नाही. मग घरातले म्हणतात, मांजर हट्टी आहे. खरं तर तो आवाज आपल्यासाठी नाही, एवढंच ती शिकलेली असते.

मांजराला नाव कळतं का, याचा पद्धतशीर अभ्यास जपानमध्ये झाला आहे. टोकियोच्या सोफिया विद्यापीठातल्या अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी मांजरांना नावाएवढ्याच लांबीचे, तशाच चढउताराचे चार वेगळे शब्द १५-१५ सेकंदांच्या अंतराने ऐकवले आणि पाचव्या वेळी नाव ऐकवलं. शब्दांना कंटाळून शांत झालेल्या बऱ्याच मांजरांनी नाव येताच पुन्हा कान किंवा डोकं वळवलं. अनोळखी माणसाच्या आवाजातही हे दिसलं. घरातल्या मांजरांना आपलं नाव आणि सोबतच्या मांजरांची नावं यांतला फरक कळला. मांजरं ठेवलेल्या कॅफेतल्या मांजरांमध्ये मात्र तो फरक दिसला नाही. कारण बहुधा असं, की तिथे अनेक मांजरांना एकाच वेळी हाका मारल्या जातात आणि कुणाचंही नाव घेतलं तरी भोवतालच्या सगळ्यांनाच काही ना काही मिळतं. आपल्यासाठी यातला धडा असा: नाव म्हणजे काय हे मांजराला कळतं असं यातून म्हणता येत नाही, पण अमुक आवाजानंतर अमुक घडतं हे पक्कं कळतं. आवाज स्वच्छ वेगळा असेल आणि त्यानंतर दर वेळी तिच्या फायद्याचं काहीतरी घडत असेल, तरच नाव बसतं.

नाव दोन प्रकारे बिघडतं. पहिला प्रकार मनीचा: आवाज खूप वेळा येतो, त्यातून काहीच निघत नाही आणि तो बोथट होतो. दुसरा प्रकार त्याच्या उलट. नाव अशा शब्दासारखं असतं की ज्यानंतर जोरात काहीतरी घडतं. ‘शू’ किंवा ‘हुश’ करून मांजर हाकलणाऱ्या घरात तिचं नाव शुभी असेल, तर नावाची सुरुवात ऐकूनच ती पलंगाखाली शिरते. ‘मीनु’ म्हणजे कन्नडमध्ये मासा. स्वयंपाकघरात मासळी आली की मिनू नावाचं मांजर धावत येतं, आणि एरवी हाक मारली तर मासा नाही म्हणून निघून जातं.

आधी घराचे आवाज लिहून काढा

नावांची यादी करायला बसण्याआधी घरात काय ऐकू येतं त्याची यादी करा. फ्रिजवर एक कागद चिकटवा, दोरीने पेन बांधून ठेवा आणि दोन दिवस घरातल्या प्रत्येकाला सांगा की मोठ्याने बोललेला, हाक मारताना किंवा हुकूम देताना वापरलेला शब्द त्यावर लिहायचा. त्यातला एक दिवस शाळेचा हवा आणि एक रविवार, कारण दोन्हींचे आवाज वेगळे. सकाळी डबे भरताना आणि रात्री जेवायला बसताना सगळ्यांत जास्त शब्द सापडतात. हळू आवाजातल्या गप्पांतले शब्द घेऊ नका. तीस-चाळीस शब्द झाले की पुरे.

शब्द कानाला पडतो तसाच लिहायचा. इथे बहुतेकांची चूक होते. रेशनकार्डावरचं नाव मांजर ऐकत नाही. सुनीताला सासू ‘सुने’ म्हणते, प्रकाशला थोरला भाऊ ‘पक्या’ म्हणतो, स्वानंदीची ‘नंदी’ होते आणि हाक मारताना ‘नंदे’ होते. प्रत्येक माणसाची घरात चालणारी सगळी रूपं लिहा. नात्याची हाक वेगळी लिहा: आण्णा, आक्का, आज्जी, वैनी, मामा, काकू. शेजाऱ्यांपैकी ज्यांना खिडकीतून हाक मारली जाते त्यांचीही नावं घ्या. चाळीत किंवा जोडघरांत राहणाऱ्यांनी भिंतीपलीकडचे आवाजही धरावेत.

मग हुकूम. मराठीतले ये, जा, बस, चल, थांब, नको, सोड, गप, खा, जेव, घे, दे, टाक, ठेव, लाव, उठ, झोप हे जवळजवळ प्रत्येक घरात निघतात. कन्नडमधले बा म्हणजे ये, होगु म्हणजे जा, कुंद्रु म्हणजे बस, बेड म्हणजे नको, बिडु म्हणजे सोड, तगो म्हणजे घे, तिन्नु म्हणजे खा, नोडु म्हणजे बघ, सुम्न इरु म्हणजे गप राहा. हालु म्हणजे दूध आणि नीरु म्हणजे पाणी हेही यादीत हवेत, कारण ते मोठ्याने मागितले जातात. खानापूरकडच्या मराठी घराची यादी आणि गोकाककडच्या घराची यादी यांत बराच फरक पडेल. कारवार-हल्याळकडे कोकणी बोलत असाल तर यो, वच, नाका हे शब्द येतील. म्हणून दुसऱ्याची तयार यादी उचलू नका.

प्रत्येक शब्दापुढे एक खूण करा. दिवसात पाचापेक्षा जास्त वेळा येत असेल तर फुली, कधीतरी येत असेल तर टिंब. फुलीच्या शब्दांपासून नाव लांबच हवं. टिंबाच्या शब्दांशी थोडं साम्य चालून जातं.

शेपट्यांवर विसंबू नका

या भागात आणखी एक अडचण आहे. ती लक्षात न घेता ठेवलेली नावं कागदावर वेगळी दिसतात आणि हाकेत सारखी होतात. आपल्याकडे शब्दांच्या शेवटी तेच ते तुकडे लागतात. बेळगावच्या मराठीत प्रत्येक हुकुमाला ‘की’ लागतो: ये की, बस की, खा की, जा की. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये आदराचा ‘री’ लागतो: बर्री, कूड्री, हौद्री. माणसांच्या नावांना आक्का, आण्णा, अप्पा, अव्वा जोडले जातात. त्यात मराठीत हाक मारताना नावाचा शेवट बदलतो. मनीची मने होते, चिंगीची चिंगे होते, बाळूचा बाळ्या होतो.

म्हणजे शब्दाचा शेवट मांजराला फारसं काही सांगत नाही. पण हाक मारताना आपण लांबवतो तो शेवटच. पाठीमागच्या दारातून ‘टिंकीऽऽ’ अशी हाक मारली तर अंगणाच्या टोकाला पोचतं ते ‘कीऽऽ’, आणि ‘अरे ये कीऽऽ’ हेही तिथे तसंच पोचतं. पिंकी, टिंकी, रॉकी, लकी ही नावं या कारणासाठी या भागात कच्ची. गौरी, झिपरी, भिंगरी, मंजरी या नावांचा शेवट ‘री’त अडकतो. सुंदर नावं आहेत, आणि फक्त मराठी बोलणाऱ्या घरात त्यांतली काही चालतीलही. पण घरात कुणी दर वाक्याला ‘री’ लावत असेल तर ती सोडून द्यावीत.

यातून निवडीचा मुख्य नियम निघतो. नावाचं वेगळेपण पहिल्या अक्षरात असायला हवं, आणि त्या अक्षरातलं व्यंजन आणि स्वर दोन्ही वेगळे हवेत. ‘घे’ आणि ‘ये’ यांचं व्यंजन वेगळं आहे पण स्वर एकच, म्हणून ‘घे’, ‘ये’, ‘दे’ म्हणणाऱ्या घरात गेंदी हे नाव सुरुवातीलाच मार खातं.

व्यंजनं तपासताना काही फरक मोजायचेच नाहीत. भ आणि ब, घ आणि ग, ठ आणि ट, झ आणि ज हे मराठी कानाला स्पष्ट वेगळे आहेत, पण रोजच्या बोलण्यातल्या कन्नडमध्ये हकाराची व्यंजनं बऱ्याचदा सौम्य होतात. मराठी आईचं ‘भिंगी’ कन्नड काकूच्या तोंडी ‘बिंगी’ होतं आणि ‘बिडु’च्या शेजारी जाऊन बसतं. ल आणि ळ, न आणि ण, स आणि श, तसंच चमच्यातला च आणि चिंचेतला च हे फरकही सोडून द्या. घरातली सगळी माणसं ते सारखे उच्चारत नाहीत, आणि नाव सगळ्यांच्या तोंडी एकसारखं यायला हवं.

लांबीबद्दल फार डोकं खाऊ नका. एका अक्षराचं नाव टाळा, कारण आपले बहुतेक हुकूम एकाच दमात संपणारे आहेत: ये, जा, बस, चल, खा, बा. दोन ठोक्यांचं नाव सगळ्यांत सोयीचं. तीन ठोक्यांचं ठेवलं तर घरातले आठवडाभरात त्याचं छोटं रूप करतातच. तेव्हा छोटं रूपच आधी तपासून घ्या, कारण मांजराला तेच ऐकू येणार आहे.

‘माऊ’बद्दल मात्र आधीच ठरवा. लहान मुलं दारावरच्या, गल्लीतल्या, चित्रातल्या प्रत्येक मांजराला माऊ म्हणतात. ते थांबवता येत नाही, थांबवायची गरजही नाही. फक्त ते नाव म्हणून धरू नका.

एक घर घेऊन तपासू

समजा बेळगावच्या शहापूरमधलं एक एकत्र कुटुंबाचं घर आहे. आजोबांना सगळे आण्णा म्हणतात, आजीला आक्का. मोठा मुलगा परगावी असतो, पण फोनवर धाकट्या प्रकाशला ‘पक्या’ म्हणूनच हाक मारतो. प्रकाशची बायको सुनीता ही ‘सुने’ आणि ‘वैनी’. मुलं स्वानंदी आणि मिहिर, म्हणजे ‘नंदे’ आणि ‘मिहू’. सगळ्यांत धाकट्या भावाची बायको गोकाकची. ती आपल्या लहान मुलाशी कन्नडमध्ये बोलते, आणि त्या मुलाला घरात ‘सम्या’ म्हणतात. घरात नऊ आठवड्यांचं पांढरं पिल्लू आलं आहे, मादी, डोक्यावर काळा डाग. घरच्यांनी सहा नावं सुचवली: मनी, मिनू, कुंदा, टिंकी, रुंजी आणि टोपी.

मनी लगेच बाद. काकू दिवसभर घराला मनी म्हणते.

मिनू दोनदा बाद. मिहू आणि मिनू यांचं पहिलं अक्षर एक, शेवटचा स्वर एक, फक्त मधलं व्यंजन वेगळं. मिहूला अभ्यासाला बसवण्यासाठी मारलेल्या हाका मांजर आपल्या समजेल, आणि पुढे दोघांनाही राग येईल. त्यात मासळीचं ‘मीनु’ आहेच.

कुंदा हे नाव मुलांना आवडलं, आपल्या शहराची मिठाई म्हणून. पण काकू लहानग्याला जेवताना, अंघोळीला, अभ्यासाला ‘कुंद्रु, कुंद्रु’ म्हणते. पहिलं अक्षर तंतोतंत तेच, अनुस्वारासकट, आणि त्यामागचा द सुद्धा. शिवाय हा हुकूम वैतागलेल्या सुरात येतो. मांजर नाव ऐकून सावध होईल आणि जवळ येणार नाही. घरात किंवा शेजारी कुणी कुंदामावशी असती तर हा प्रश्न आलाच नसता, नाव आधीच बाद झालं असतं.

टिंकी ‘की’च्या शेपटीमुळे बाजूला ठेवलं. उरली रुंजी आणि टोपी.

रुंजी मोहात पाडणारं नाव आहे. पायांभोवती रुंजी घालणाऱ्या पिल्लाला शोभतंही. र ने सुरू होणारा फुलीचा शब्द या घरात नाही. पण पहिला स्वर अनुस्वारासह ‘उं’, आणि ‘कुंद्रु’चाही तोच, शिवाय ‘रु’ दोन्हींत आहे. नियमाप्रमाणे हे अर्धं पास, अर्धं नापास. अशी नावं कागदावर सोडवत बसू नका, कानावर सोपवा.

टोपी घेऊ. ट ने सुरू होणारा फुलीचा शब्द ‘टाक’, पण त्याचा स्वर आ. ‘ठेव’ हकार सोडून ‘टेव’ धरला तरी स्वर ए. ओ स्वर असलेले शब्द सोड, झोप, होगु, नोडु, पण त्यांतल्या एकाचंही व्यंजन ट च्या जवळचं नाही. घरात गोपी नाही, पोपट नाही. नावात हकार नाही, ळ नाही, आणि टोपी हा शब्द कन्नडमध्येही टोपीच आहे, त्यामुळे दोन्ही तोंडांतून सारखाच निघेल. लाडाने टोपे, टोपू, टोप्या काहीही झालं तरी ‘टोप’ टिकतं. एकच शंका राहते: आण्णा बाहेर पडताना आपली टोपी मागतात. दिवसातून एकदा-दोनदा, वाक्याच्या मध्ये, साध्या आवाजात. ही टिंबाची जागा, म्हणून चालेल. ज्या घरात थंडीभर मुलांच्या मागे ‘टोपी घाल, टोपी घाल’ चालतं, तिथे हेच नाव फुलीत जाईल.

कानाची परीक्षा

कागदावर उरलेली एक-दोन नावं माणसांवर तपासा. एकाने आतल्या खोलीत बसायचं, दार लोटायचं, स्वयंपाकघरात मिक्सर किंवा नळ चालू ठेवायचा. दुसऱ्याने बाहेरून दहा शब्द म्हणायचे: त्यांत तीन वेळा मांजराचं नाव, बाकी यादीतले सगळ्यांत जवळचे शब्द, क्रम उलटासुलटा. आतल्याने नाव ऐकू आलं की टाळी वाजवायची. मग म्हणणारा बदला. घरातला प्रत्येक जण एकदा तरी म्हणणारा व्हायला हवा, विशेषतः कन्नड बोलणारी व्यक्ती आणि दात नसलेली आजी. दातांअभावी स, त, द यांसारखी अक्षरं सगळ्यांत आधी बिघडतात.

वरच्या घरात रुंजी इथे अडकण्याची शक्यता मोठी. मिक्सरच्या आवाजात पहिलं व्यंजन दबतं आणि ‘उं’ तेवढा उरतो, मग कुंद्रु की रुंजी ते सांगता येत नाही. ज्याला भाषा येते त्या माणसाचा कान फसत असेल, तर अर्थाचा आधार नसलेल्या मांजराकडून जास्त अपेक्षा ठेवू नये. दहांत एकही टाळी चुकली तर ते नाव सोडा.

एक भ्रम इथेच दूर करावा. मांजराला साधारण ८५ किलोहर्ट्झपर्यंतचे उंच आवाज ऐकू येतात, माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत. त्यावरून कुणी म्हणतं की स, श, च अशा तीक्ष्ण अक्षरांचंच नाव ठेवा. पण आपलं सगळं बोलणं मांजराला व्यवस्थित ऐकू येतं, त्यासाठी वेगळी तीक्ष्णता लागत नाही. उलट आपण मांजर हाकलतो ते शू-हुश करूनच. सकाराची नावं या घरांत फायद्यापेक्षा तोट्याची.

नाव बसवणं

नाव ठरलं की पहिले दोन आठवडे शिस्तीचे. शिजवलेल्या, मीठ-मसाला न लावलेल्या कोंबडीचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा, किंवा काटे काढलेली उकडलेली मासळी घ्या. कांदा-लसूण लागलेलं काहीही देऊ नका, ते मांजराला विषारी आहे. पिल्लू जागं आणि थोडं भुकेलं असताना, दोन हातांवर बसून, एकदाच नाव घ्या. तिने कान वळवला किंवा पाहिलं की लगेच, दोन सेकंदांच्या आत, तुकडा पुढे ठेवा. ती दुसरीकडे बघू लागेपर्यंत थांबा आणि पुन्हा एकदाच नाव घ्या. एका बैठकीत पाच वेळा, दिवसातून दोन बैठका. जास्त केलं तर पोट भरतं आणि नावाची किंमत जाते.

‘टोपी, टोपी, टोपी, ए टोपी’ असं करू नका. चौथ्या हाकेला तुकडा मिळाला तर पहिल्या तीन हाका फुकट असतात, हे ती शिकते. एका हाकेला प्रतिसाद नाही आला तर बोट हलवून लक्ष वेधा, पण नाव पुन्हा घेऊ नका.

चार-पाच दिवसांनी अंतर वाढवा: खोलीच्या या टोकाहून, मग दाराआडून. आता बैठका घरातल्यांनी वाटून घ्या. फक्त आईच्या आवाजात नाव बसलं तर आई माहेरी गेल्यावर ते उपयोगाचं नाही. सगळ्यांनी एकच रूप वापरायचं, निदान पहिला महिनाभर. टोपी ठरलं तर टोपीच, टोप्या-टोपू नंतर.

ओरडताना नाव घेऊ नका. ओट्यावर चढली तर ‘खाली’ म्हणा, नाव नको. औषध, नखं कापणं, अंघोळ, दवाखान्याची पिंजरापेटी या कशासाठीही नावाने बोलवू नका, गुपचूप जाऊन उचला. सुरुवातीच्या काळात एका वाईट अनुभवाने बऱ्याच चांगल्या बैठकांवर पाणी पडतं.

बसलं का, ते कसं ओळखायचं

जेवणानंतर तासाभराने, ती निवांत पडलेली असताना, साइतो यांचीच पद्धत घरी वापरा. तिच्याकडे न बघता, एकाच सुरात चार शब्द १५ सेकंदांच्या अंतराने म्हणा: दोन ठोक्यांचे, नावाएवढेच, उदाहरणार्थ गादी, मोती, पेटी, वाटी. पाचव्या वेळी नाव. पहिल्या शब्दाला ती कान हलवेल, पुढे सोडून देईल. नावाला कान पुन्हा फिरले, डोकं वळलं किंवा शेपटीचं टोक हललं तर नाव वेगळं ओळखलं गेलं. उठून जवळ यायलाच हवं असं नाही. ओळखणं आणि येणं या मांजराच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग त्या चार शब्दांच्या जागी यादीतले जवळचे शब्द घाला: टाक, सोड, नंदे, पक्या. त्यांनाही दर वेळी नावाइतकेच जोरात कान फिरत असतील तर ती सूर ऐकते आहे, शब्द नाही. हे बहुधा अशा घरात होतं जिथे सगळ्या हाका एकाच चढ्या सुरात मारल्या जातात. उपाय सोपा आहे. तिचं नाव साध्या, खालच्या आवाजात घ्यायची सवय लावा आणि बैठका आठवडाभर वाढवा.

कशालाच प्रतिसाद नसेल तर नावाला दोष देण्याआधी कान तपासा. तिच्या पाठीमागे, जमिनीला हादरा बसणार नाही अशा बेताने, किल्ल्या हलवा किंवा पिशवी चुरगाळा. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत जन्मतः बहिरेपणाचं प्रमाण बरंच असतं. अशा मांजराला हाताची खूण किंवा दिव्याची उघडझाप शिकवावी.

आधीच मनी असेल तर

जुनं नाव बिघडलं असलं तरी मांजर मोठं झाल्यावरही बदलता येतं. नवीन नाव आधी, जुनं लगेच मागे, मग तुकडा: ‘टोपी, मनी’ आणि घास. क्रम उलटा करू नका. जुनं आधी घेतलं तर ती त्यालाच वळते आणि नवीन नावाकडे तिचं लक्षच जात नाही. पाच-सहा दिवसांनी जुनं नाव हळू म्हणा, मग एक आड एक वेळा गाळा, आठ-दहा दिवसांनी पूर्ण सोडा. या काळात घरातल्या कुणीही मनी म्हणून खाऊ घालू नये, म्हाताऱ्या माणसांनीही नाही. त्यांना तोंडवळणी पडलेलं नाव सुटत नसेल तर सरळ असं नाव निवडा की ज्याचा पहिला स्वर आणि पहिलं व्यंजन मनीपासून अगदी लांब आहे. म्हणजे कुणी चुकून मनी म्हटलं तरी दोन्हींची सरमिसळ होणार नाही.

दुसरं मांजर आणायचं असेल तर त्याचं नाव पहिल्याशी याच कसोट्यांनी जुळवून बघा, आणि दोघांच्या बैठका वेगवेगळ्या खोल्यांत घ्या, नाहीतर कॅफेतल्या मांजरांसारखं दोघंही दोन्ही नावांना येतील. आणि घरात बाळ यायचं असेल तर बारशाच्या पाळण्यातलं नाव जाऊ द्या. त्या बाळाला लाडाने काय म्हणणार हे कानावर यायला लागलं, की तो शब्द फ्रिजवरच्या कागदात भरा आणि मांजराच्या नावाशी एकदा ताडून बघा. बाळाची हाक पहिल्या महिन्यात सहज वळवता येते, नंतर नाही.